हऽन, न्यत आणि बांग : व्हिएतनामीतील तुलनेची वाक्ये

प्रश्न : मी सहा महिन्यांपासून व्हिएतनामी शिकतो आहे. ‘पेक्षा’साठी हऽन आणि ‘सर्वांत’साठी न्यत हे पाठ झाले आहे, पण वाक्य केले की बाई शब्दांचा क्रम बदलून देतात. शिवाय ‘माझ्याइतका उंच’ आणि ‘तितका चांगला नाही’ हे कसे म्हणायचे? बांग, न्यु आणि केम या तिघांत माझा गोंधळ होतो.

उत्तर :

हऽन म्हणजे ‘पेक्षा’ असे पाठ केल्यामुळेच तुमचा शब्दक्रम बिघडतो आहे. मी बरीच वर्षे मराठी भाषकांना व्हिएतनामी शिकवतो आणि दुभाषाचे कामही करतो. या एका समीकरणातून उद्भवलेल्या चुका मी वह्यांमध्ये सर्वाधिक वेळा दुरुस्त केल्या आहेत. मराठीतले ‘पेक्षा’ ज्याच्याशी तुलना करायची त्याला चिकटते : ‘माझ्यापेक्षा’, ‘पुण्यापेक्षा’. व्हिएतनामीतले हऽन गुणाला चिकटते. ‘उंच’ म्हणजे काव; ‘जास्त उंच’ म्हणजे काव हऽन. ही जोडी आधी तयार होते, आणि मगच तिच्यामागे तुलनेचा दुसरा पक्ष येतो. ‘तो माझ्यापेक्षा उंच आहे’ हे वाक्य ‘आन्य अय काव हऽन तोय’ असे होते. त्याचा क्रम ‘तो – उंच – जास्त – मी’ असा आहे.

दुसरा पक्ष गाळून पाहिला की फरक लगेच कळतो. मराठीत ‘माझ्या’ गाळले तर ‘पेक्षा’ही जाते, कारण त्याला टेकायला काही उरत नाही, आणि आपल्याला ‘तो जास्त उंच आहे’ असे नवे वाक्य करावे लागते. व्हिएतनामीत मात्र शेवटचा तोय काढून टाकला तरी ‘आन्य अय काव हऽन’ हे पूर्ण वाक्य शिल्लक राहते. म्हणजे हऽन एकटेच आपल्या ‘जास्त’चे आणि ‘पेक्षा’चे अशी दोन्ही कामे करते, पण बसते ‘जास्त’च्या जागी. ‘आन्य अय तोय हऽन काव’ हे नवशिक्याचे वाक्य मराठीच्या साच्यात शब्द भरल्याने तयार होते आणि ते ऐकणाऱ्याला उमगत नाही. शिवाय ‘आहे’साठी तुम्ही ‘ला’ हा शब्द शिकला असाल, तर तो इथे घालू नका. व्हिएतनामीत गुणवाचक शब्द क्रियापदासारखा स्वतःच वाक्य पेलतो, त्यामुळे ‘काव’ या एका शब्दातच ‘उंच आहे’ एवढे सगळे येते.

पुढे जाण्यापूर्वी उच्चार आणि लेखन यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण देवनागरीत हे शब्द अपुरेच उतरतात. हऽन मधला स्वर आपल्या ‘अ’चाच, पण लांबवलेला आहे, म्हणून मी अवग्रह वापरतो. हा शब्द सपाट सुरात म्हणायचा. न्यत मधला ‘अ’ आखूड असून सूर झटक्यात वर चढतो. बांग मधला ‘आ’ आखूड आहे आणि सूर खाली उतरतो. खोंग आणि न्यु हे सपाट सुरातले, तर केम चढत्या सुरातला. न्यु म्हणताना ओठ गोल करायचे नाहीत. फोनवर किंवा संगणकावर ‘टेलेक्स’ पद्धतीने टाइप करताना डावीकडची अक्षरे दाबली की उजवीकडचा शब्द उमटतो :

```
hown     hơn
nhaats   nhất
bawngf   bằng
nhuw     như
khoong   không
kems     kém
```

पहिल्या शब्दाच्या डोक्यावरची खूण विशेष जपा. ‘ओ’च्या उजव्या खांद्यावर हुकासारखा छोटा बाक असेल तर तो हऽन, तीच जागा टोपीने घेतली तर शब्द ‘होन’ होतो आणि त्याचा अर्थ ‘चुंबन’ असा आहे. कार्यालयीन पत्रात ‘यापेक्षा चांगला’ लिहिताना ही खूण चुकलेली मी पाहिली आहे, म्हणून पहिल्याच तासाला मी हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवतो.

आता फरक किती, हे सांगण्याची जागा पाहू. मराठीत ‘तो माझ्यापेक्षा पाच सेंटिमीटरने उंच आहे’ असे आपण म्हणतो. माप गुणाच्या आधी येते आणि त्याला ‘ने’ लागतो. व्हिएतनामीत माप सगळ्यांत शेवटी येते आणि त्याला कसलाही प्रत्यय लागत नाही : ‘आन्य अय काव हऽन तोय नाम फन’. यातले ‘फन’ म्हणजे बोलीतला सेंटिमीटर आणि इथले ‘नाम’ म्हणजे पाच. ‘पुष्कळच’ म्हणायचे असेल तर तेही शेवटी, न्यिएव या शब्दाने सांगतात : ‘काव हऽन तोय न्यिएव’, म्हणजे ‘माझ्यापेक्षा पुष्कळच उंच’. इथे एक हमखास चूक होते. ‘खूप’साठी शिकलेला ‘झत’ हा शब्द गुणाच्या आधी येतो, आणि ‘खूप जास्त उंच’ हे मनात असल्यामुळे विद्यार्थी ‘झत काव हऽन’ असे लिहितो. झत आणि हऽन एका गुणाभोवती एकत्र नांदत नाहीत. झत हा गुण स्वतःपुरता मोजतो, तर हऽन तो दुसऱ्याच्या शेजारी ठेवून मोजतो. त्यामुळे तुलना आली की झत जातो आणि शेवटी न्यिएव येतो.

मराठी मनाला सोयीची अशी एक रचनाही या भाषेत आहे. ‘सॉ वऽय’ म्हणजे ‘च्या तुलनेत’. तो घेतला की दुसरा पक्ष मराठीप्रमाणे वाक्याच्या आरंभी ठेवता येतो : ‘सॉ वऽय हा नोय, साय गॉन नॉंग हऽन’, म्हणजे ‘हनोईच्या तुलनेत सायगॉन जास्त गरम आहे’. मात्र हऽन इथेही ‘गरम’ या अर्थाच्या ‘नॉंग’मागेच राहतो, हे लक्षात घ्या. लेखी अहवालात आणि बैठकीत ही रचना शोभते. घरगुती बोलण्यात ती थोडी जड वाटते. सुरुवातीच्या काळात विद्यार्थ्यांनी तिचा आधार घेण्यास माझी हरकत नसते, पण साधी रचना अंगवळणी पडेपर्यंतच.

मराठीच्या सवयीतून येणारी आणखी एक अडचण अशी की, आपण ‘माझी गाडी तुझ्यापेक्षा चांगली आहे’ असे सर्रास बोलतो आणि ऐकणारा ‘तुझ्या गाडीपेक्षा’ असे समजून घेतो. व्हिएतनामीत हऽनमागे नुसते ‘आन्य’, म्हणजे ‘तू’ किंवा ‘दादा’, ठेवले तर गाडीची तुलना माणसाशी होते आणि ऐकणारा क्षणभर अडखळतो. गाडीची तुलना गाडीशीच करावी : ‘से’ हा गाडीचा शब्द दुसऱ्या पक्षातही पुन्हा घ्यावा, निदान ‘च्या’ या अर्थाचा ‘कुआ’ तरी घालावा.

हऽनला नेहमी गुणच हवा असतो असेही नाही. तो स्वतः क्रियापद होऊन ‘वरचढ असणे’ हा अर्थ देतो. व्हिएतनामीत समोरच्याला कोणत्या शब्दाने संबोधायचे हे वयावर ठरते, म्हणून ओळख होताच वय विचारण्याची रीत आहे, आणि तिथे ही रचना रोज कानावर पडते : ‘आन्य हऽन एम बा तुओय’, म्हणजे दादा धाकट्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. या वाक्यात ‘मोठा’ हा शब्दच नाही. ‘दादा – वरचढ – धाकटा – तीन – वर्षे’ एवढेच आहे. ‘मोत झॉत माव दाव हऽन आव नुअक ला’ ही म्हणही अशीच बेतलेली आहे. तिचा अर्थ, लाल रक्ताचा एक थेंब तळेभर साध्या पाण्याहून मोलाचा, म्हणजे परक्यांच्या गर्दीपेक्षा रक्ताचे नाते वरचढ. कशाच्या बाबतीत वरचढ हे सांगण्याची गरज तिथे कोणालाच वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा मुख्य भाग. बांग आणि न्यु यांतील भेद मराठी माणसाला फार सोपा जायला हवा, कारण तो आपल्याकडे जवळपास जसाच्या तसा आहे. बांग म्हणजे ‘इतका’ आणि न्यु म्हणजे ‘सारखा’. ‘माझ्याइतका उंच’ म्हटले की दोन उंच्या शेजारी ठेवून डोक्यावर पट्टी धरल्याचा भाव असतो. ‘बर्फासारखा पांढरा’ म्हटले की कोणी पांढरेपणा मोजत नाही, फक्त चित्र उभे करतो. व्हिएतनामीतही ‘आन्य अय काव बांग तोय’ हे मोजमापाचे वाक्य आहे आणि ‘चांग न्यु तुयेत’, ‘बर्फासारखे पांढरे’, हे उपमेचे. बांगचा मूळ भावच ‘समान, बरोबर’ असा आहे. शाळेतली मुले ‘दोन अधिक दोन बरोबर चार’ हे ‘हाय कोंग हाय बांग बोन’ असे म्हणतात, आणि त्यातला ‘बरोबर’ तोच बांग. म्हणून उंची, वजन, वय, किंमत, वेग अशा ज्या गोष्टींना माप लावता येते, तिथे बांग निर्धास्त वापरावा. न्यु घेतला तर मापापेक्षा साम्यावर भर येतो. ‘काव न्यु बो’ म्हटले, तर मुलगा बापासारखा उंच निघाला, म्हणजे बापही उंच आणि मुलगाही उंच, असे चित्र उभे राहते. ‘काव बांग बो’ मध्ये दोघांची उंची सारखी आहे एवढेच कळते. दोघेही बुटके असले तरी ते वाक्य खरे ठरते.

दोन्ही पक्ष कर्त्याच्या जागी एकत्र आले की शेवटी ‘एकमेकांना’ या अर्थाचा ‘न्याव’ येतो : ‘काव बांग न्याव’, ‘एकमेकांइतके उंच’. वयाला तर गुणवाचक शब्दही लागत नाही. ‘तोय बांग तुओय आन्य अय’ म्हणजे ‘मी त्याच्याच वयाचा आहे’. एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘काड्यांनी जेवणे’, ‘मोटारसायकलने जाणे’, ‘लाकडाचे टेबल’ या साधनाच्या आणि द्रव्याच्या अर्थीही हाच बांग वापरतात. त्याच्या आधी गुण असेल तर तो बहुधा ‘इतका’, आणि क्रिया किंवा वस्तू असेल तर बहुधा ‘ने’ किंवा ‘चा’, असा अंदाज वाचताना उपयोगी पडतो.

‘तितका चांगला नाही’ याचे उत्तर याच बांगमध्ये आहे. गुणाच्या आधी ‘खोंग’, म्हणजे ‘नाही’, ठेवायचा आणि गुणामागे बांग : ‘खोंग तोत बांग’, ‘तितका चांगला नाही’. इथे बांगच्या जागी हऽन घातला तर काय होते, हे मी एका व्यवहारात प्रत्यक्ष पाहिले आहे. हनोईजवळच्या एका कारखान्यात एक मराठी खरेदीदार कापडी पिशव्यांचे नमुने पाहत होते. टेबलावर दोन नमुने होते, एक आधीच्या खेपेचा आणि एक नवा. नव्याची शिवण त्यांना पटली नव्हती. माझ्याबरोबर नव्याने काम शिकणारा एक तरुण दुभाषा होता, आणि खरेदीदार म्हणाले ते ‘हा नमुना त्याच्याइतका चांगला नाही’ हे वाक्य त्याने ‘माव नाय खोंग तोत हऽन माव किआ’ असे सांगितले. शब्द सगळे बरोबर होते, क्रमही बरोबर होता. पण त्याचा अर्थ झाला, ‘हा नमुना त्यापेक्षा चांगला नाही’. समोरच्या बाईंनी मान डोलावली आणि ठरल्याप्रमाणे काम पुढे न्यायला सुरुवात केली, कारण नवा नमुना जुन्यापेक्षा सरस नसला तरी त्याच्या बरोबरीचा असू शकतो, आणि त्यांना तेवढेच अपेक्षित होते. शिवणीची तक्रार त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. मी मध्ये पडून ‘खोंग तोत बांग’ असे म्हटले, तेव्हा त्यांनी दोन्ही पिशव्या उलट्या करून टाके पाहिले आणि दोष कुठे आहे ते विचारले.

या प्रसंगातील तर्क नीट समजून घ्यावा. ‘खोंग … हऽन’ फक्त वरचढपणा नाकारतो, त्यामुळे बरोबरी आणि कमीपणा या दोन्ही शक्यता उघड्या राहतात. ‘खोंग … बांग’ बरोबरी नाकारतो, आणि तर्काने पाहिले तर त्यातून वरचढपणाचीही शक्यता उरायला हवी. पण व्यवहारात तसे कोणीही समजत नाही. मराठीत ‘याच्याइतका चांगला नाही’ म्हटल्यावर ‘म्हणजे याहून चांगला असेल’ असे जसे कोणी म्हणणार नाही, तसेच व्हिएतनामीत ‘खोंग … बांग’ ऐकणारा ‘कमी आहे’ असेच समजतो. तेव्हा कमीपणा सांगायचा असेल तर बांग वापरा. ‘फारसा फरक नाही, पण सरसही नाही’ असे म्हणायचे असेल तेव्हाच ‘खोंग … हऽन’ योग्य.

विरुद्धार्थी गुण घेऊन ‘जास्त वाईट’ असेही म्हणता येते, आणि व्याकरणात ते अचूक आहे. परंतु ‘वाईट’ हा शब्द तोंडातून गेला की वस्तू वाईट असल्याचे मान्य होते. जेवणाबद्दल, कोणाच्या कामाबद्दल किंवा मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलताना ‘खोंग ङॉन बांग’, म्हणजे ‘तितके चविष्ट नाही’, हेच सभ्य ठरते, कारण त्यात दोन्हीही चविष्ट असायला जागा राहते. (ङॉन मधला ङ आपल्या ‘वाङ्मय’मधला, पण शब्दाच्या आरंभी म्हणायचा आहे, त्याचा सराव वेगळा करावा.)

हा बांग गुणाशिवायही उभा राहतो, आणि तिथे मला मराठीतला ‘सर’ हा शब्द आठवतो. ‘आईच्या हाताची सर कोणाला नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा कशाची सर, हे वेगळे सांगत नाही. व्हिएतनामीतले नुसते ‘खोंग बांग’ हेच काम करते : ‘इथल्या फऽला हनोईच्या फऽची सर नाही’ हे ‘फऽ ऽ दय खोंग बांग फऽ हा नोय’ असे होते. यातला फऽ म्हणजे मराठीत आपण ‘फो’ लिहितो तो शेवयांचा रस्सा. ‘चाम ङे खोंग बांग मोत थय’ ही प्रसिद्ध म्हण याच साच्याची आहे : शंभर वेळा ऐकण्याला एकदा पाहण्याची सर नाही. ‘खोंग आय बांग मे’, म्हणजे ‘आईची बरोबरी कोणी करू शकत नाही’, यात तर न्यत न वापरताही ‘सर्वश्रेष्ठ’ हा भाव आला आहे, आणि भावनेच्या बोलण्यात तो न्यतपेक्षा अधिक आपुलकीचा वाटतो.

केमची गोष्ट वेगळी आहे. केम हा हऽनचा उलट बाजूचा जोडीदार आहे. ‘कमी असणे, उणे पडणे’ हा त्याचा अर्थ. वयाचे वरचे वाक्य धाकट्याच्या बाजूने सांगितले तर ‘एम केम आन्य बा तुओय’ होते, ‘धाकटा दादापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे’. दक्षिणेकडे अशा वेळी ‘न्यॉ हऽन’, म्हणजे ‘जास्त लहान’, असेही पुष्कळदा ऐकू येते. घड्याळाच्या वेळेत केम आला की मराठी विद्यार्थ्याला मी काहीच समजावून सांगत नाही, कारण ‘बा झऽ केम मुओय’ हे शब्दशः आपले ‘तीनला दहा कमी’ आहे. पण हाच केम एकटा, कोणाशी तुलना न करता, गुण म्हणून वापरला तर तो ‘कच्चा, निकृष्ट’ असा बोचरा होतो. म्हणून वय, वेळ आणि आकडे यांच्या बाबतीत केम मोकळेपणाने वापरावा. माणसाच्या कौशल्याविषयी बोलताना मात्र ‘खोंग … बांग’कडे वळावे. नकार लावला की केमचीही बोच जाते. ‘बिन्य कुंग झॉय खोंग केम नाम’ म्हणजे ‘बिन्यही नामपेक्षा काही कमी हुशार नाही’, आणि आपल्या ‘काही कमी नाही’प्रमाणेच ते कौतुकाचे वाक्य आहे.

न्यतविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण त्याची जागा हऽनचीच आहे, म्हणजे गुणामागे : ‘काव न्यत’, ‘सर्वांत उंच’. हा शब्द चिनीतून आलेल्या ‘एक’चा अवतार आहे, म्हणून ‘पहिला’ या अर्थाच्या ‘थु न्यत’ मध्येही तोच भेटतो. सर्वांत उंच म्हणजे उंचीत पहिला, असे मनात धरले की पुरे. दोन ठिकाणी लक्ष द्यावे लागते. ‘वर्गात’, ‘देशात’ यातला ‘त’ व्हिएतनामीत बहुधा गाळला जातो आणि ते नाम थेट न्यतमागे येते : ‘ङुओय काव न्यत लऽप’, ‘वर्गातला सर्वांत उंच मुलगा’, आणि त्याच धाटणीने फान सी पांग हा पर्वत ‘काव न्यत व्हिएत नाम’ आहे. दुसरे, ‘आवडणे’सारख्या क्रियेबरोबर न्यत त्या क्रियेच्या कर्मानंतर येतो : ‘तोय थिक फऽ न्यत’, ‘मला फऽ सर्वांत आवडतो’. मराठीतला ‘सर्वांत’ क्रियेच्या आधी येतो, म्हणून अनेकांचा न्यत चुकून फऽच्या आधी जाऊन बसतो. बाजारात मात्र दोनच वस्तू समोर असतील तर ‘काय नाव झे हऽन?’, ‘कोणते जास्त स्वस्त?’, असे विचारावे. न्यत तीन किंवा अधिक वस्तूंसाठी ठेवावा.

आता हे सगळे एका उदाहरणात लावून पाहा. नाम, बिन्य आणि हुंग हे तीन भाऊ आहेत असे समजा. नामची उंची 172 सेंटिमीटर, बिन्यची 168 आणि हुंगचीही 168. नाम आणि बिन्य यांची तुलना ‘नाम काव हऽन बिन्य बोन फन’ अशी होईल. ‘बोन फन’ म्हणजे चार सेंटिमीटर, आणि ते शेवटी आले. हीच गोष्ट बिन्यच्या बाजूने मोजून सांगायची असेल तर ‘बिन्य थप हऽन नाम बोन फन’. ‘थप’ म्हणजे ठेंगणा, आणि त्यातला थ आपलाच थ आहे. आकडा महत्त्वाचा नसेल आणि बिन्यला ठेंगणा म्हणायचे नसेल, तर ‘बिन्य खोंग काव बांग नाम’ हे अधिक चांगले. बिन्य आणि हुंग यांच्यासाठी ‘बिन्य काव बांग हुंग’, किंवा दोघांना एकत्र घेऊन ‘बिन्य वा हुंग काव बांग न्याव’. तिघांत मिळून ‘नाम काव न्यत’. आता ‘बिन्य खोंग काव हऽन हुंग’ हे वाक्य घ्या. दोघांची उंची सारखी असल्याने ते खरे आहे. पण यातल्या हऽनच्या जागी बांग घालून ‘बिन्य खोंग काव बांग हुंग’ म्हटले की ते खोटे होते, कारण आता बिन्य हुंगपेक्षा बुटका आहे असा अर्थ निघाला. एकाच शब्दाच्या बदलाने वाक्य खऱ्याचे खोटे कसे झाले, हे तुम्ही तुमच्या बाईंना शब्दात सांगू शकलात, तर त्या तुमच्या वहीतला क्रम पुढच्या वेळी बदलणार नाहीत.